लिंक्डइनचं ‘अबाऊट’ ऐकता ऐकता ग्राहक दमला! ओळी, बुलेट, इमोजी यांचं काय करू?

शब्दवेल्हाळ

मंडळी, मी नाशिकला असते आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. बरीचशी कामं लिंक्डइनवरूनच येतात, म्हणून गेल्या वर्षी एका ओळखीच्यांच्या ओळखीतल्या माणसाकडून पैसे मोजून प्रोफाइल ‘सजवून’ घेतलं. दिसायला झगमगीत झालं, मीही खूश होते.

गेल्या आठवड्यात एका संस्थेतून फोन आला. आरोग्यावरची पुस्तिका मराठीत हवी होती. बोलणारे गृहस्थ दृष्टिहीन आहेत, फोन आणि संगणक दोन्ही स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने वापरतात. बोलता बोलता म्हणाले, “काम तुम्हालाच देतोय मॅडम, तुमचे नमुने चांगले आहेत. पण तुमचं ‘अबाऊट’ मी तिसऱ्या ओळीला सोडून दिलं.” मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. नंतर स्वतःच्या फोनवर उघडून पाहिलं, तर डोळ्यांनीसुद्धा धड वाचवत नव्हतं. ओळी मध्येच तुटत होत्या.

मजकूर जसाच्या तसा देते, फक्त नाव काढलंय:

```
✨🚀 नमस्कार! मी (नाव) 🙏✨
━━━━━━━━━━━━━━━
🔥 𝗧𝗿𝗮𝗻𝘀𝗹𝗮𝘁𝗼𝗿 | 𝗘𝗱𝗶𝘁𝗼𝗿 🔥

👉 इंग्रजी ➡️ मराठी ✅
👉 आरोग्य ✅ शेती ✅ कायदा ✅
Ø आठ वर्षांचा अनुभव असून आजवर अनेक
संस्थांच्या माहितीपुस्तिका, प्रशिक्षण
साहित्य आणि अर्ज मराठीत आणले आहेत.
Ø मुदतीत काम, एक फेरतपासणी मोफत.
📩👇👇👇
```

तो Ø मी आजवर शून्य समजत होते. यातलं काय ठेवायचं, काय उडवायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

बिनधास्त_बंड्या

ताई, एवढं मनावर घेऊ नका. मी डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. लोक फोनवर अंगठ्याने सर्रकन सरकवत जातात, नजर कुठेतरी अडकली तरच थांबतात. सलग परिच्छेद कोणी वाचत नाही. छोट्या ओळी, सुरुवातीला चिन्ह, मध्ये मोकळी जागा हे सगळं बरोबरच आहे. फार तर दोन-चार इमोजी कमी करा. आणि ते ठळक अक्षरांचं म्हणाल, तर नव्या स्क्रीन रीडरांनी तो प्रश्न सोडवलाय, कुठेतरी वाचलं होतं.

---

अंतर्नाद

शब्दवेल्हाळ, तुमच्या त्या ग्राहकांची बाजू मी सांगू शकतो, कारण मीही त्याच पंगतीतला. बँकेत नोकरी करतो. ऑफिसात एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक, दोन्ही स्क्रीन रीडरच. आत्ता तुमचा मजकूर फोनवर ऐकला. जे कानावर पडलं ते लिहून देतो. इमोजींची नावं माझ्याकडे इंग्रजीत येतात:

“स्पार्कल्स रॉकेट नमस्कार मी नाव फोल्डेड हँड्स स्पार्कल्स.” मग ती रेघ. ती कधी गिळली जाते, तर कधी ‘बॉक्स ड्रॉइंग्ज हेवी हॉरिझॉन्टल’ सुरू होतं. कुठला आवाज लावलाय त्यावर ते ठरतं. पुढे “फायर”, मग जवळजवळ शांतता, “व्हर्टिकल बार”, पुन्हा शांतता, “फायर”. म्हणजे तुमचा व्यवसाय काय, ते ज्या ओळीत लिहिलंय तीच ओळ मला ऐकू आली नाही. दोन जाळांच्या मध्ये काहीच नाही!

पुढची ओळ: “बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट इंग्रजी राइट ॲरो मराठी चेक मार्क बटन.”

गंमत इथे आहे. त्या हिरव्या चौकटीतल्या बरोबरच्या खुणेचं युनिकोडच्या यादीतलं नावच ‘चेक मार्क बटन’ आहे. खरं बटन आलं की स्क्रीन रीडर शेवटी ‘बटन’ असंच म्हणतो. पहिल्यांदा असा मजकूर ऐकला तेव्हा मी दोनदा टॅप करून बघितलं होतं, काही उघडतंय का म्हणून. तुमच्या पाच ओळींत अशी चार खोटी बटनं आहेत.

बंड्या, तुमचंही थोडं खरं आहे. एनव्हीडीएच्या २०२४.३ या आवृत्तीपासून ‘युनिकोड नॉर्मलायझेशन’ नावाचा पर्याय आला. तो लावला की ही नकली ठळक अक्षरं साध्या अक्षरांसारखी वाचली जातात. पण तो सेटिंगमध्ये जाऊन आपण लावायचा असतो. माझ्या ऑफिसातल्या दोघांना तो आहे हेच माहीत नव्हतं. शिवाय एनव्हीडीए विंडोजवर चालतो, माझ्या फोनला त्याचा काय उपयोग?

---

सदाशिव_पेठी

तीस वर्षं डीटीपीत घालवली, तेव्हा या Ø चा पंचनामा माझ्याकडे लागू.

हे शून्य नाही आणि बुलेटही नाही. हे डॅनिश-नॉर्वेजियन भाषेतलं अक्षर आहे. ते तुमच्याकडे आलं वर्डमधून. वर्डमध्ये बाणाचं बुलेट निवडलं की तो आत ‘विंगडिंग्ज’ नावाच्या फाँटमधलं चिन्ह वापरतो. त्या फाँटात Ø च्या जागी बाण काढलेला आहे. फाँट बरोबर आहे तोवर बाण दिसतो. मजकूर दुसरीकडे चिकटवला, फाँट मागे राहिला, की खालचं मूळ अक्षर उघडं पडतं. शिवाजी फाँटात टाइप केलेलं पत्र व्हॉट्सॲपवर टाकल्यावर जी रोमन कचकच दिसते ना, तोच प्रकार.

ओळखायची खूण सांगतो. प्रोफाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला एकटा Ø दिसला तर तो बाण होता. ü दिसला तर बरोबरची खूण होती, § म्हणजे काळा चौकोन आणि नुसता v म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखं चिन्ह. बायोडेटातून चिकटवलेली प्रोफाइलं या चौघांनी भरलेली असतात. पीडीएफमधून उचललं तर आणखी एक पाहुणा येतो, रिकामी चौकट. साध्या वाटोळ्या टिंबाचं ते सिम्बॉल फाँटमधलं रूप, फोनला ते ओळखताच येत नाही.

उपाय एकच. बुलेट चिकटवायचं नाही, टाइप करायचं. फोनच्या कीबोर्डवर चिन्हांच्या दुसऱ्या पानावर • असतं. विंडोजवर Alt दाबून उजवीकडच्या आकड्यांवर 0149.

त्या ठळक अक्षरांबद्दलही सांगतो. ती गणितज्ञांसाठी केलेली आहेत. समीकरणात ठळक A आणि साधा A यांचा अर्थ वेगळा असतो, म्हणून २००१ साली युनिकोड ३.१ मध्ये त्यांना स्वतंत्र जागा दिली. त्यांचा ‘फाँट’ म्हणून वापर करणं म्हणजे देवघरातली समई टॉर्च म्हणून नेणं. देवनागरीला असा संच नाहीच, त्यामुळे मराठी लिहिणारे आपोआप वाचले. तुमच्या मजकुरात बघा, नेमक्या दोन इंग्रजी शब्दांनीच घात केलाय.

---

वैशाली_ठाणे

छान धागा. माझाही हाच प्रश्न आहे. मुलाचं प्रोफाइल विवाहमंडळाच्या ॲपवर टाकलंय. कागदावरचा बायोडेटा सुरेख होता. वर ❀❀❀ ॥ श्री गणेश प्रसन्न ॥ ❀❀❀, खाली जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, देवक, सगळं एकाखाली एक, अपूर्णविराम सरळ रेषेत. ॲपमध्ये टाकल्यावर अपूर्णविराम दारू प्यायल्यासारखे झालेत. फोटो कुठला लावावा तेही कोणी सांगेल का? सूट की झब्बा?

---

सदाशिव_पेठी

वैशालीताई, झब्बा.

अपूर्णविरामांचं म्हणाल तर ते तुम्ही स्पेसबार दाबून दाबून सरळ केलेत. कागदावर ते जमतं, कारण तिथे फाँट आणि कागदाची रुंदी ठरलेली असते. फोनवर प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, ‘उंची’ आणि ‘जन्मवेळ’ कधीच जुळणार नाहीत. कित्येक ठिकाणी तर लागोपाठच्या स्पेस मिळून एकच होते. ‘जन्मवेळ: सकाळी ७:१०’ असं लिहा, अपूर्णविराम शब्दाला चिकटून, पुढे एक स्पेस, आणि एंटर. एका ओळीत एकच माहिती. दिसायला साधं वाटेल, पण कुठल्याही फोनवर मोडणार नाही.

---

कोडकरी

तुटक्या ओळींबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. शब्दवेल्हाळ यांच्या मजकुरात ‘अनेक’, ‘प्रशिक्षण’ यांच्यानंतर एंटर आहे. वाक्य तिथे संपत नाही. हा मजकूर पीडीएफमधून किंवा ईमेलमधून उचललेला असणार. तिथे कागदाच्या रुंदीला ओळ वळते आणि कॉपी करताना ते वळण खरंखुरं एंटर होऊन बसतं. संगणकाच्या रुंद पडद्यावर लक्षात येत नाही. फोन अरुंद, त्यामुळे प्रत्येक ओळ आधी फोनच्या कडेला वळते, मग दोन शब्द पुढे गेली की एंटरला तुटते. लांब, आखूड, लांब, आखूड, अशी करवतीसारखी कड दिसते.

खात्री करायची असेल तर मजकूर नोटपॅडमध्ये टाका, ‘वर्ड रॅप’ लावा आणि खिडकी आडवी ताणा. ओळी सोबत लांबल्या तर ठीक. जागच्या जागी राहिल्या तर एंटर आहेत.

नोटपॅड++ मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन लावून एका फटक्यात निघतात. शोधा:

```
([^\r\n])\R(?=[^\r\n])
```

आणि त्याजागी `$1` व पुढे एक स्पेस. मध्ये रिकामी ओळ असेल ते परिच्छेद तसेच राहतात, बाकी जुळतात.

---

शब्दवेल्हाळ

कोडकरी, केलं. आता माझे सगळे बुलेटसुद्धा एका ओळीत लोंबकळतायत. 😐

---

कोडकरी

अरेच्चा, हो. माझंच चुकलं, बुलेटच्या ओळींमध्येही एकच एंटर असतो. आधी Ø बदलून • करून घ्या, मग शोधायचं असं:

```
([^\r\n])\R(?=[^\r\n•])
```

म्हणजे पुढची ओळ टिंबाने सुरू होत असेल तर तिला हात लावणार नाही.

---

अंतर्नाद

कोडकरींनी डोळ्यांची बाजू सांगितली, कानांचीही तीच आहे.

टॉकबॅकमध्ये तुमचं अख्खं ‘अबाऊट’ बहुतेक वेळा एकच डबा म्हणून येतं. बोट ठेवलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत सुटतो. मधलं एखादं वाक्य पुन्हा ऐकायचं तर रीडिंग कंट्रोल्समध्ये ‘पॅराग्राफ’ निवडायचा आणि खालीवर स्वाइप करायचं. त्याच्या लेखी परिच्छेद म्हणजे दोन एंटरच्या मधला मजकूर. आता तुमचा अनुभव असा तुकड्यातुकड्यांत येतो: “आठ वर्षांचा अनुभव असून आजवर अनेक”. स्वाइप. “संस्थांच्या माहितीपुस्तिका, प्रशिक्षण”. स्वाइप. कीर्तनकार प्रत्येक चार शब्दांना पाणी प्यायला थांबला तर कसं होईल?

उलटही होतं. एंटर कुठेच नसतील तर दोन हजार अक्षरांचा एकच तुकडा, आणि हवी ती जागा सापडत नाही. म्हणून माझ्यासाठी एंटर ही फार मोलाची गोष्ट आहे. विचार संपला की एंटर, त्याआधी नाही.

रिकाम्या ओळींचं सांगतो. एक चालते. संगणकावर खालच्या बाणाने जाताना एनव्हीडीए रिकाम्या ओळीला ‘ब्लँक’ म्हणतो, एकदा ऐकायला हरकत नाही. पण काही जण जागा जास्त सुटावी म्हणून ओळीत नुसतं टिंब टाकतात, नाहीतर कुठून तरी अदृश्य अक्षर आणून चिकटवतात. त्यात ब्रेल लिपीतलं रिकामं अक्षर फार चालतं. डोळसांना ते दिसत नाही, आणि मला मात्र आवाजानुसार ‘ब्रेल पॅटर्न ब्लँक’ असं ऐकू येऊ शकतं. ब्रेलच्या नावाने ब्रेलवाल्यालाच त्रास!

---

चष्मेबहाद्दर

मी ना पूर्ण डोळस ना पूर्ण दृष्टिहीन, मधला. फोनवर अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा ठेवतो. एका ओळीत माझ्याकडे तीन-चार शब्द मावतात. तुमची ती पंधरा चिन्हांची रेघ माझ्याकडे वळून दुसऱ्या ओळीत तीन दांडक्या लोंबतायत. 👉 तर माझ्याकडे अंगठ्याएवढा येतो.

तपासायचं असेल तर सेटिंगमध्ये अक्षरं मोठ्यात मोठी करा आणि आपलं प्रोफाइल उघडा. दोन मिनिटं लागतात.

---

बिनधास्त_बंड्या

मान्य, मान्य. बटनाचं ऐकून खरंच हसू आलं, आणि वाईटही वाटलं. पण माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. ‘सी मोअर’च्या आधी फोनवर जेमतेम तीनेक ओळी दिसतात. तिथेच माणूस थांबला पाहिजे. मग तिथे काहीतरी लक्षवेधी नको का?

---

अंतर्नाद

हवंच. म्हणून तर म्हणतो, शब्दवेल्हाळ यांच्या त्या तीन ओळींत आत्ता काय आहे? एक नमस्कार, एक रेघ आणि एक न ऐकू येणारी ओळ. ‘इंग्रजी ते मराठी’ हे ‘सी मोअर’च्या पलीकडे गेलंय. डोळसांनाही ते दिसत नाही! रिकामी ओळसुद्धा त्या तिनांतली एक जागा खाते. तेव्हा सुरुवातीला सजावट नको, मोकळी ओळ नको, थेट धंद्याचं वाक्य.

---

बिनधास्त_बंड्या

हे मात्र पटलं. मी इंस्टाग्रामच्या सवयीने बोलत होतो. तिथे बायोला एकूण १५० अक्षरं, त्यात इमोजी शब्दाचं काम करतो. इथे २६०० मिळतात, शब्द लिहायला जागा आहे.

---

शब्दवेल्हाळ

२६०० म्हणजे मराठीतही तेवढंच का? मी मागे दोन्ही भाषांत लिहायला गेले तर मराठी फारच लवकर भरलं.

---

कोडकरी

मर्यादा तीच, पण मोजणी वेगळी वाटते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘भाषांतर’ आपल्याला चार अक्षरं वाटतात, मोजणीत सात. ‘क्ष’ एकटा तीन खातो.

---

सदाशिव_पेठी

दोन भाषांत लिहिणार असाल तर एकाच ओळीत खिचडी करू नका. आधी एक भाषा, रिकामी ओळ, मग दुसरी.

---

अंतर्नाद

+१. ओळीच्या मध्येच लिपी बदलली की आवाज बदलतो, किंवा बदलत नाही आणि इंग्रजी बाई देवनागरी गिळून टाकते. एकेक परिच्छेद एकेका भाषेत असला की निदान कुठे काय सुटलं ते कळतं.

---

शब्दवेल्हाळ

बरं, नवं लिहिलंय. झोडपा.

```
इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. विषय: आरोग्य, शेती, कायदा. आठ वर्षांचा अनुभव, मुक्काम नाशिक.

संस्थांच्या माहितीपुस्तिका, प्रशिक्षण साहित्य आणि अर्ज गावातल्या माणसाला वाचून कळतील अशा मराठीत आणते.

माझ्याकडून काय मिळेल:
• ठरलेल्या मुदतीत भाषांतर
• एक फेरतपासणी मोफत
• कठीण शब्दांची यादी, पुढच्या कामासाठी

कामासाठी इथेच निरोप पाठवा. एका दिवसात उत्तर देते. 🙏
```

इमोजी एकच ठेवला, शेवटी. ‘बाण’ गेला, ‘इंग्रजीतून मराठीत’ असं शब्दांत आलं. ठळक अक्षरं गेली. ‘माझ्याकडून काय मिळेल’ हे मथळ्यासारखं ठळक करायची फार इच्छा होती, पण ‘अबाऊट’मध्ये साधा मजकूरच चालतो, म्हणून स्वतंत्र ओळ आणि अपूर्णविराम.

---

अंतर्नाद

ऐकलं. पहिल्या सहा सेकंदांत तुम्ही काय करता ते कळलं. आधी तेवढ्या वेळात मी अजून रॉकेटवरच होतो.

एक सुचवतो. टिंबांच्या ओळींच्या शेवटी पूर्णविराम द्या. डोळ्यांना ओळ संपलेली दिसते, पण काही आवाज नुसत्या एंटरला श्वासच घेत नाहीत. “ठरलेल्या मुदतीत भाषांतर एक फेरतपासणी मोफत कठीण शब्दांची यादी” असं एका दमात येतं. मग मोफत काय, फेरतपासणी की कठीण शब्द? पूर्णविराम दिलात की प्रत्येक आवाज थांबतो.

आणि एक मर्यादा सांगून ठेवतो. तुमची ही यादी माझ्या दृष्टीने यादी नाही. वेबपानावर खरी यादी असली की स्क्रीन रीडर ‘लिस्ट विथ थ्री आयटम्स’ असं आधीच सांगतो, आणि नको असेल तर ती ओलांडून जाता येते. इथे नुसती टिंबं लावलेली वाक्यं आहेत. म्हणून तीन-चारच्या वर नेऊ नका. दहा-बारा टिंबं असली तर ती ओलांडायची सोय मला नसते.

---

चष्मेबहाद्दर

मोठ्या अक्षरांत उघडलं. पहिली ओळ माझ्याकडे पाच ओळींची झाली, पण कुठेही करवत नाही. मला टिंबांच्या ओळींमध्ये एकेक रिकामी ओळ असती तर आणखी बरं वाटलं असतं. मोठ्या अक्षरांत दुसरा मुद्दा कुठे सुरू झाला ते शोधावं लागतं.

---

अंतर्नाद

तुम्हाला बरं, मला आणखी दोनदा ‘ब्लँक’. 🙂

---

सदाशिव_पेठी

माझं मत टिंबाऐवजी साधी आडवी रेघ, म्हणजे हायफन. कुठल्याही कीबोर्डवर, कुठल्याही फाँटात असते. फुटत नाही, चौकट होत नाही.

---

अंतर्नाद

माझ्या एनव्हीडीएवर मूळ सेटिंगमध्ये हायफन बोललाच जात नाही, टिंबाला मात्र ‘बुलेट’ म्हणतो. कोणाला तो शब्द ऐकलेला आवडतो, नवा मुद्दा सुरू झाला हे कळतं. मला शांतता आवडते. माझ्या बायकोला, तीही स्क्रीन रीडर वापरते, ‘बुलेट’ हवं असतं. घरातच एकमत नाही तर तुम्हाला काय सांगू? मात्र एका यादीत एकच चिन्ह ठेवा. एका ओळीला टिंब, दुसरीला बाण, तिसरीला चांदणी असलं की मी अर्थ शोधत बसतो. चांदणीवाली ओळ जास्त महत्त्वाची असेल का, असं वाटत राहतं.

---

बिनधास्त_बंड्या

तो शेवटचा 🙏 तरी राहू दे ना? का तोही ‘फोल्डेड हँड्स’ म्हणून खटकतो?

---

अंतर्नाद

राहू दे. वाक्य संपल्यावर आलाय, कुठल्या शब्दाची जागा घेत नाही, एकदाच आलाय. ‘उत्तर देते. फोल्डेड हँड्स.’ असं ऐकून मला तर कोणी खरंच हात जोडल्यासारखं वाटलं. 👇👇👇 मात्र पुन्हा आणू नका. तीनदा ‘बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग डाउन’ ऐकून खाली काय आहे ते विचारायची हिंमत होत नाही. तुमच्या जुन्या मजकुरात तर खाली काहीच नव्हतं!

---

वैशाली_ठाणे

मुलाच्या बायोडेटातली फुलं काढली. ॥ श्री ॥ ठेवलंय, ते काढायला जीव झाला नाही. प्रत्येक माहिती वेगळ्या ओळीत केली. उंचीच्या पुढे ५ फूट ९ इंच असं अक्षरात लिहिलं, आधी 5'9" होतं.

---

अंतर्नाद

वैशालीताई, ते उत्तम केलंत. त्या खुणा काही आवाज वाचतच नाहीत, मग “उंची पाच नऊ” एवढंच उरतं.

---

शब्दवेल्हाळ

पूर्णविराम दिले, टिंबंच ठेवली (बायकोच्या बाजूने मत, अंतर्नाद, माफ करा). रिकाम्या ओळी टिंबांच्या मध्ये घातल्या नाहीत. चष्मेबहाद्दर, तुमच्यासाठी प्रत्येक टिंबाची ओळ आणखी आखूड केली, म्हणजे मोठ्या अक्षरांतही दोन ओळींच्या वर जाऊ नये. बघून सांगाल का?

आणि त्या गृहस्थांना आज पुस्तिकेचा पहिला भाग पाठवला, सोबत प्रोफाइल पुन्हा ऐकायची विनंतीही केली. त्यांचं उत्तर आलं: “यावेळी शेवटपर्यंत गेलो. हेडलाइनमध्ये अजून एक रॉकेट आहे.”

हेडलाइन बघायचीच राहिली होती.